रहस्यकथेत सुगावे कसे पेरायचे: खुलासा वाचकाला पटावा म्हणून

नवोदितांच्या रहस्यकथा वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लेखक सांगतो, "गुन्हेगार कोण ते कुणालाही ओळखता आलं नाही," आणि तरीही वाचणारे नाराज असतात. खुलासा वाचताना वाचकाला दोन गोष्टी एकदम वाटल्या पाहिजेत: "हे माझ्या लक्षात आलं नाही" आणि "हे तर माझ्या डोळ्यांसमोरच होतं." पहिली गोष्ट माहिती दडवून कुणालाही साधता येते. दुसरीसाठी मात्र ती माहिती आधी, उघडपणे आणि न्याय्य जागी दिलेली असावी लागते. बहुतेक जण कथा लिहून झाल्यावर मागे जाऊन दोन-चार ओळी घुसवतात. त्या ओळी एकतर इतक्या पुसट असतात की कुणाला आठवत नाहीत, किंवा इतक्या ठळक की तिथेच कथा संपते.

या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. सुगावा लपवायचा नसतो, त्याचा अर्थ लपवायचा असतो. ते कोणत्या क्रमाने करायचं, हे एकच कथा हाताशी धरून पाहू.

हाताशी धरलेली कथा

नवी मुंबईतल्या ऐरोलीतली एक जुनी चार मजली इमारत. महिना नोव्हेंबर. दुसऱ्या मजल्यावर शकूआजी एकट्या राहतात. मंगळवारी अकरा वाजता त्या हयातीचा दाखला द्यायला भाच्याबरोबर रिक्षाने बँकेत जातात. दुपारी सव्वा वाजता परत येऊन पासबुक ठेवायला कपाट उघडतात, तर सोन्याच्या पाटल्या नाहीत. सकाळी पासबुक काढताना त्यांनी पाटल्या पाहिलेल्या आहेत. कपाट फोडलेलं नाही. किल्ली नेहमीच्या जागी, म्हणजे तांदळाच्या डब्यात आहे.

पाटल्या नेल्या आहेत तिसऱ्या मजल्यावरच्या सुलभाताईंनी. त्या निवृत्त परिचारिका. सकाळी आसपासच्या घरांत इन्सुलिनची इंजेक्शनं द्यायची, ड्रेसिंग बदलायचं, हे त्यांचं काम. आजींच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असते आणि सगळी इमारत त्यांना मानते. शोध घेणारे आहेत सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त पोस्टमास्तर जोगळेकर. कथा साधारण पाच हजार शब्दांची, दहा प्रसंगांची.

टप्पा १: खुलासा आधी लिहा

पहिला प्रसंग लिहायच्या आधी खुलासा कोरड्या भाषेत लिहून काढा. संवाद नकोत, वातावरण नको. कुणी, का, कसं आणि कशावरून सापडलं, एवढंच.

आपल्या कथेचा खुलासा असा होईल: "सुलभाताईंनी कर्जापायी स्वतःचं सोनं आधीच गहाण टाकलं आहे. आजी बँकेत गेल्यावर त्या साडेअकराच्या सुमारास आजींच्या घरात शिरल्या. किल्ली कुठे असते हे त्यांना माहीत होतं. त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या दारावर कुरिअरवाल्याने बेल वाजवली आणि दार उघडलं नाही. पुढे विचारल्यावर त्या म्हणाल्या, मी आंघोळीला बसले होते. पण त्या दिवशी गच्चीवरची टाकी साफ करायला काढली होती. सकाळी दहापासून इमारतीत पाणी नव्हतं."

कथेतला खरा अडकवणारा धागा या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. खुलाशात असा एक तरी तपशील हवा, जो वाचक स्वतः पडताळून पाहू शकेल. "तिच्या डोळ्यांत मला अपराधी भाव दिसला" हे पडताळता येत नाही. नळाला पाणी नव्हतं, हे मागची पानं उलटून पाहता येतं.

> तपासा: खुलाशातून गुन्हेगाराची कबुली काढून टाका. उरलेल्या वाक्यांवरून तोच माणूस ठरतो का? ठरत नसेल, तर लेखनाला बसू नका. रहस्य अजून तयार झालेलं नाही.

टप्पा २: घड्याळ लावा

कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे खरोखर काय घडलं ते वेळेसह लिहा आणि उजवीकडे इतरांना काय दिसलं किंवा सांगितलं गेलं ते. दहा वाजता टाकी रिकामी करून दोन कामगार गच्चीवर कामाला लागले. पावणेअकराला सुलभाताई शेजारच्या पिंगळे काकूंकडे पाणी मागायला गेल्या. अकराला आजी बाहेर पडल्या. अकरा चाळीसला कुरिअरवाल्याने बेल वाजवली आणि पार्सल पिंगळ्यांकडे ठेवलं. सव्वाला आजी परत आल्या.

या कागदाचा उपयोग पुढे लगेच कळतो. डाव्या बाजूला अकरा चाळीसला "सुलभाताई आजींच्या घरात" आणि उजव्या बाजूला "सुलभाताई आंघोळीला" असं समोरासमोर दिसतं. जिथे दोन्ही बाजू जुळत नाहीत, तिथेच तुमचे सुगावे जन्माला येतात. ते बाहेरून शोधून आणावे लागत नाहीत. जळालेला कागद, तुटलेलं बटण, बोटात अडकलेला केस हे सगळं ओढून आणलेलं वाटतं, कारण ते या कागदातून आलेलं नसतं.

टप्पा ३: प्रत्येक वाक्याला "कशावरून?" विचारा

आता खुलाशाच्या एकेका वाक्यासमोर "कशावरून?" असं लिहा. ज्या उत्तराशिवाय वाक्य उभं राहत नाही, ते उत्तर म्हणजे तुम्हाला पेरायचा सुगावा.

सुलभाताईंना पैशांची गरज होती, कशावरून? त्यांच्या गळ्यात हल्ली लांब सोन्याचं मंगळसूत्र नसतं, काळ्या मण्यांची आखूड पोत असते. किल्लीची जागा त्यांना माहीत होती, कशावरून? आजी आजारी असताना त्यांनीच त्या डब्यातून तांदूळ काढून खिमट केलं होतं. आंघोळीची गोष्ट खोटी, कशावरून? टाकी साफ होत होती.

हेतू, माहिती आणि संधी या तिन्हींना किमान एकेक सुगावा हवा. लोक संधीचे चार सुगावे पेरतात आणि हेतूचा एकही पेरत नाहीत. मग शेवटी गुन्हेगाराचं कर्ज आभाळातून पडतं. खुलासा "अचानक" वाटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे.

टप्पा ४: वाचकाच्या पळवाटा बुजवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि कथा इथेच गळते. तुमचा मुख्य सुगावा घ्या आणि गुन्हेगाराचा वकील असल्यासारखं त्याच्यावर तुटून पडा.

नळाला पाणी नव्हतं, म्हणून आंघोळ झाली नाही? पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं असू शकतं. टाकीला दोन कप्पे असतील, तर एक धुताना दुसरा चालू ठेवता येतो. काम लवकर संपून साडेअकरालाच पाणी सुरू झालं असेल. इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक वाचकाला टाकी साफ होण्याचा अनुभव आहे, त्यामुळे हे प्रश्न त्याला पडणारच. खुलासा वाचताना त्यातला एक जरी उघडा राहिला, तर जोगळेकरांची सगळी हुशारी पोकळ ठरते.

प्रत्येक पळवाटेला स्वतंत्र परिच्छेद देऊ नका. एखादं वाक्य, तेही दुसऱ्या कामासाठी आलेलं, पुरतं. जुन्या इमारतीला एकच टाकी आहे, हे पिंगळे काकू पहिल्याच प्रसंगात कुरकुरत सांगतील: "एकच टाकी, तीही गळकी, आणि म्हणे मेंटेनन्स वाढवा." काम लवकर संपलं नाही, हे आपोआप कळेल, कारण चोरी उघडकीला आली तेव्हा कामगार अजून गच्चीवरच असतात आणि त्यांचीच झडती होते. राहिली बादली. तिच्यासाठी पावणेअकराचा पाणी मागण्याचा प्रसंग आहे. ज्या बाईकडे कुकर लावायला पाणी नाही, तिच्याकडे तासाभरात आंघोळीचं पाणी कुठून येणार?

एका सुगाव्याची पळवाट बुजवायला आलेला तपशील इथे स्वतःच दुसरा सुगावा झाला. असं झालं की कथा घट्ट विणली जाते आहे, हे समजावं.

> सावधान: खोटं बोलणारा माणूस मूर्ख वाटता कामा नये. सगळ्या इमारतीला माहीत असलेली गोष्ट सुलभाताई विसरल्या कशा? म्हणून त्यांची सवय आधी दाखवा. सकाळची इंजेक्शनं आटपून साडेदहाच्या पुढे घरी यायचं आणि मगच आंघोळ करायची, हा त्यांचा रोजचा क्रम. अनपेक्षित प्रश्न आल्यावर तोंडातून रोजचंच उत्तर निघालं. सवयीतून आलेलं खोटं वाचक मान्य करतो.

टप्पा ५: प्रत्येक सुगाव्याला एक खोटा पण खरा वाटणारा अर्थ द्या

कोणताही तपशील वाचकासमोर आला की तो मनात विचारतो, "हे मला का सांगितलं?" उत्तर मिळालं नाही, तर तो तपशील लक्षात ठेवून पुढे जातो आणि तुमचं बिंग फुटतं. म्हणून त्याच जागी, शक्य तर त्याच वाक्यात, त्याला उत्तर देऊन टाका. उत्तर चुकीचं असेल, पण समाधान करणारं हवं.

काळ्या मण्यांच्या पोतीबद्दल कुणी विचारण्याआधी सुलभाताईच म्हणतात, "लोकलमध्ये सोनं घालून जायची सोय राहिली आहे का हल्ली?" ठाण्याला ट्रान्स हार्बर लोकलने येणारी-जाणारी कुठलीही बाई यावर मान डोलावेल. वाचकही डोलावतो आणि पुढे जातो. तांदळाच्या डब्यातून तांदूळ काढून खिमट करणं, याचा वरवरचा अर्थ माया. एक कळशी पाणी, याचा वरवरचा अर्थ पिंगळे काकूंचा कंजूषपणा.

आणि टाकी? तिला सर्वांत मोठा खोटा अर्थ दिला आहे. टाकी साफ होत होती, म्हणजे इमारतीत दोन परके कामगार होते. चोरी होताच सगळ्यांचं बोट त्यांच्याकडे जातं. त्यामुळे टाकीची गोष्ट लपवायची गरजच उरत नाही. ती दहा वेळा बोलली जाते, तिच्यावरून भांडण होतं, पोलीस येतात. वाचकाला ती पक्की आठवते, पण "कामगार आले होते" या खात्यात. "पाणी नव्हतं" या खात्यात तो ती टाकतच नाही. भुलवणारा संशयित आणि खरा सुगावा एकाच तपशिलातून निघाले, तर कथेत एकही फुकटचं पान राहत नाही. नुसत्या भूल देण्यासाठी आणलेल्या पात्राकडे वाचक खुलाशानंतर रागाने पाहतो. हे कामगार मात्र शेवटीही कामाचे ठरतात.

टप्पा ६: जागा ठरवा

दहा प्रसंगांची यादी करून त्यावर सुगावे मांडा. खरी परिस्थिती सांगणारा तपशील आधी यावा आणि तिच्याशी न जुळणारं खोटं नंतर. हा क्रम उलटा करू नका. रहस्यकथेत कुणी आपण कुठे होतो हे सांगितलं, की वाचक सावध होतो आणि त्या विधानाला छेद देणारी गोष्ट शोधत पुढे वाचतो. छेद देणारी गोष्ट नंतर आली, तर ती लगेच सापडते. आधीच येऊन दुसऱ्या अर्थाने मनात बसली असेल, तर तो मागे वळून सहसा पाहत नाही.

आपल्या कथेत पहिल्या प्रसंगात टाकी साफ करण्याची नोटीस येते. दुसऱ्यात खिमट आणि पोत, कारण तेव्हा कुठलाही गुन्हा घडलेला नाही आणि वाचक फक्त माणसं ओळखून घेतो आहे. गुन्ह्याआधीची ही पानं सर्वांत मोलाची असतात. तिसऱ्यात कळशी. चौथ्यात चोरी उघड होते. पाचवा कामगारांच्या झडतीचा. सहाव्यात आंघोळीचं खोटं. सातव्यात भाच्यावर संशय, कारण आजींनी ऐरोलीचं घर विकून ठाण्याला यावं असं त्याला वाटतं. आठव्यात त्याची सुटका: तो अकरा ते सव्वा पूर्ण वेळ आजींबरोबर होता. नववा खुलाशाचा, दहावा त्यानंतरचा.

आठव्या प्रसंगानंतर नवीन माहिती शून्य. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यांतले बरेच आज कालबाह्य वाटतात. पण शोध घेणाऱ्याला सापडलेला सुगावा वाचकालाही तत्काळ दाखवला पाहिजे, हा त्यातला नियम आजही मोडू नये असा आहे. "जोगळेकरांनी खाली वाकून काहीतरी उचललं आणि खिशात टाकलं" असं लिहिण्याचा मोह टाळा.

> सावधान: दोन सुगावे एकाच परिच्छेदात ठेवू नका. कळशी आणि आंघोळ यांच्यात आपण दोन पूर्ण प्रसंग ठेवले आहेत. एका पानावर आले असते, तर सातवीतल्या मुलानेही ते जोडले असते.

टप्पा ७: सुगाव्याचं वाक्य लिहिणं

सगळी तयारी इथे हातात येते. आधी कळशीचा प्रसंग वाईट रीतीने लिहून पाहू.

*सुलभाताईंच्या घरी त्या दिवशी पाण्याचा थेंबही नव्हता. त्यांनी पिंगळे काकूंकडून फक्त एक कळशी पाणी आणलं.*

निवेदक स्वतः सांगतो आहे, "थेंबही" आणि "फक्त" म्हणून जोर देतो आहे, आणि परिच्छेद तिथेच संपवतो आहे. परिच्छेदाच्या शेवटी आलेलं वाक्य वाचकाच्या मनात सर्वांत जास्त वेळ घुमतं. आता हेच असं लिहा:

*पिंगळे काकूंनी कळशी दारातूनच पुढे केली. "एकच देते हं. आमच्याकडे खाणारी तोंडं सहा."*

*"पुरे. कुकर होतो एवढ्यात माझा." सुलभाताईंनी कळशी कडेवर घेतली. "काल रात्री दमून झोपले, भरायचं राहूनच गेलं."*

*"लोकांचं करता करता तुमचं स्वतःचं राहतंच," काकू म्हणाल्या आणि दार लोटता लोटता आतूनच ओरडल्या, "आणि कळशी आठवणीने परत द्या. गेल्या वेळची अजून तिकडेच आहे!"*

सुगावा मधोमध आहे, "कुकर होतो एवढ्यात" या पाच-सहा शब्दांत. तो पात्राच्या तोंडी आहे. त्याच्या पुढे-मागे काकूंचा स्वभाव आहे, आणि शेवटचं वाक्य वाचकाला हसवून भलतीकडे नेतं. त्याच्या लक्षात राहतात कंजूष काकू. पण पुढे जोगळेकर "ती कळशी" म्हणतील, तेव्हा त्याला हा प्रसंग जसाच्या तसा दिसेल, कारण तो रंगलेला आहे. सुगावा कंटाळवाण्या मजकुरात पुरला, तर वाचकाला तो दिसत नाही आणि पुढे आठवतही नाही. जिवंत प्रसंगात ठेवलेला सुगावा दिसतो, फक्त समजत नाही.

नोटिशीचं तंत्र वेगळं आहे. ती ठळकच ठेवायची आहे, म्हणून पूर्ण द्या, सोसायटीच्या भाषेत:

*सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मंगळवारी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत गच्चीवरील टाकीची साफसफाई असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. आवश्यक पाणी आदल्या रात्री भरून ठेवावे. — सचिव*

लगेच खाली दुसरी नोटीस चिकटवा, पार्किंगची किंवा थकबाकीदारांची, आणि भांडण त्या दुसऱ्या नोटिशीवरून पेटू द्या.

आता सहावा प्रसंग, खोट्याचा. जोगळेकर पार्सल द्यायला तिसऱ्या मजल्यावर येतात.

*"काल कुरिअरवाला दोनदा बेल वाजवून गेला म्हणे."*

*"ऐकली हो मी. आंघोळीला बसले होते, उठेपर्यंत गेला तो." सुलभाताईंनी पार्सल न बघताच बाजूला ठेवलं. "आजींचं काय? काल रात्री जेवल्या नाहीत म्हणे. साखर खाली गेली तर पंचाईत होईल. थांबा, मी येतेच तुमच्याबरोबर."*

खोटं बोलल्याच्या पुढच्याच क्षणी त्यांची खरी काळजी दिसते. ती काळजी नाटकी नाही, आजींवर त्यांचा जीव आहेच. वाचकाचं लक्ष आजींच्या तब्येतीकडे जातं आणि तो सुलभाताईंच्या बाजूचा होतो. खोट्यानंतर "त्या क्षणभर थबकल्या" किंवा "त्यांची नजर झुकली" असं लिहिलंत, तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते.

> सावधान: पात्र खोटं बोलू शकतं, निवेदक नाही. "सुलभाताई तेव्हा आंघोळ करत होत्या" असं निवेदनात लिहिलं, तर ती फसवणूक आहे. तसंच सुलभाताईंच्या मनात शिरून चोरीचा विचार तेवढा वगळणंही. म्हणून आधीच ठरवा, कथा जोगळेकरांच्या डोळ्यांनी आणि कानांनी सांगायची. कळशीचं संभाषणही त्यांनी जिन्यातून जाताना ऐकलेलं असू द्या.

आठवण करून द्यायची असेल, तर एकदाच आणि खोट्या अर्थानेच द्या. आठव्या प्रसंगात टाकीचा कंत्राटदार तावातावाने म्हणतो, "माझी पोरं चार वाजेपर्यंत टाकीत होती, खाली उतरली कधी?" वाचकाला टाकी पुन्हा आठवते, पण कामगारांच्या बचावाच्या रूपात.

टप्पा ८: खुलाशाचा प्रसंग

आता नवीन काही सांगायचं नाही, जुन्याची जागा बदलायची. छोट्याकडून मोठ्याकडे जा. आधी किल्ली: कपाट फोडलेलं नाही, किल्ली तांदळाच्या डब्यात परत ठेवलेली, म्हणजे ज्याने त्या डब्यात कधी हात घातला आहे त्याचं हे काम. इथे कामगार बाजूला होतात. भाचा आधीच सुटलेला आहे. मग बेल. आणि सर्वांत शेवटी टाकी.

जोगळेकरांना भाषण करायला लावू नका. त्यांनी एकच प्रश्न विचारावा: "सुलभाताई, मंगळवारी तुम्ही आंघोळ कुठल्या पाण्याने केलीत?" प्रश्न आणि उत्तर यांच्या मधली जागा वाचकासाठी सोडा. नोटीस, कळशी, कंत्राटदार हे सगळं त्याने स्वतः जोडायला हवं. जोडणी लेखकाने आधीच बोलून दाखवली, तर तो नुसता ऐकणारा राहतो. तीन-चार ओळींनंतर जोगळेकर कळशीचा उल्लेख करतील. मागे पडलेल्या वाचकासाठी तेवढा आधार पुरे.

पोतीचा उल्लेख अगदी शेवटी आणि सुलभाताईंच्याच तोंडी यावा. हेतू संशयिताने स्वतः सांगितला तर दुःख उरतं. शोध घेणाऱ्याने सांगितला तर नुसता विजय उरतो.

एक मर्यादा लक्षात असू द्या. आंघोळीचं खोटं उघडं पडलं म्हणून चोरी सिद्ध होत नाही. खोटं, डब्याची माहिती, दाराची किल्ली आणि इतरांचं सुटणं हे सगळं मिळून एकच माणूस उरतो. जोगळेकरांनी "सिद्ध झालं" असं म्हणू नये. ते सेक्रेटरी आहेत, न्यायाधीश नाहीत. त्यांनी दार लोटून घेऊन, एकांतात विचारावं.

टप्पा ९: तपासणी

कथा आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग शेवटून सुरुवातीकडे वाचा. खुलाशातल्या प्रत्येक विधानापासून बोट मागे नेत त्याचा सुगावा कोणत्या पानावर आहे ते शोधा. लाल पेन्सिलने खूण करा. सगळ्या खुणा शेवटच्या तीन-चार पानांत जमल्या असतील, तर सुगावे उशिरा आले आहेत. एखाद्या पानावर दोन खुणा असतील, तर त्या लांब करा.

मग उलटी तपासणी: न पेरलेले सुगावे शोधा. स्थानिक तपशिलातली चूक वाचकाला सुगावाच वाटते. तुमची कथा २०२२ सालची असेल आणि भाचा ठाण्याहून ऐरोलीला येताना गाडी दिघा गावला थांबली असं लिहिलंत, तर जाणता वाचक ताठ बसेल, कारण ते स्टेशन सुरू झालं जानेवारी २०२४ मध्ये. तो भाच्याला खोटारडा ठरवून पुढची सगळी कथा त्या भ्रमात वाचेल. रविवारी भर दुपारी कुणाला ट्रान्स हार्बरने पाठवत असाल, तर रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवणाऱ्या मेगाब्लॉकचा विचार करा. आपल्या कथेचा दिवस मंगळवार ठेवण्याचं एक कारण तेच आहे, दुसरं म्हणजे बँक उघडी हवी.

शेवटी दोन-तीन वाचकांना कथा द्या, पण पूर्ण नाही. आठव्या प्रसंगाशी थांबवा आणि कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: संशय कुणावर आणि कशावरून. सगळ्यांनी सुलभाताई लिहून कारण म्हणून टाकी दिली असेल, तर खोटा अर्थ कमी पडतो आहे. पाचव्या आणि आठव्या प्रसंगात कामगारांची बाजू वाढवा. सुलभाताईंचं नाव आहे पण कारण "इतकी चांगली बाई म्हणजे तीच असणार" असं आहे, तर सुगाव्यांना हात लावू नका, त्यांच्या चांगुलपणात थोडा खडबडीतपणा आणा. त्यांना पिंगळ्यांशी एकदा तोडून बोलू द्या.

त्यानंतर उरलेले दोन प्रसंग द्या. वाचून झाल्यावर कथा त्यांच्या हातातून काढून घ्या आणि सुगावे कुठे होते ते आठवून सांगायला सांगा. नोटीस सगळे सांगतील. कळशी निम्म्यांनी तरी सांगितली पाहिजे. कुणालाच आठवली नाही, तर तिसरा प्रसंग पुन्हा लिहायला घ्या, आणि या वेळी काकूंना आणखी मोठ्याने ओरडू द्या.